क्लायमॅक्सनंतरचं शांत प्रकरण: रडू आधी पेरावं लागतं

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांनी ऐकलंय पण परत एकदा निवांत वाचायचंय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलता बोलता घेतलेली आडवळणं काढून टाकलीत, उदाहरणं तशीच ठेवलीत. एक सूचना आधीच देतो: हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक, ‘मॉकिंगजे’ आणि ‘सैराट’ यांच्या शेवटाबद्दल आज उघड बोलणार आहे. वाचायचं-बघायचं राहिलं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर पुढे या.

विषय तसा छोटा आहे. तुम्ही कादंबरी किंवा दीर्घकथा लिहिताय. क्लायमॅक्स झाला. पूर आला, खून झाला, कोणीतरी गेलं, कोणीतरी वाचलं. आता पुढचं प्रकरण लिहायचंय. हजार-बाराशे शब्दांचं, ज्यात फारसं काही घडत नाही, पण वाचक पुस्तक बंद करताना जे घेऊन जातो ते बहुतेक तिथलंच असतं. हे प्रकरण कसं लिहायचं, आणि त्यातलं दुःख उसनं न वाटता कमावलेलं कसं वाटेल, एवढंच आज बघू.

हे प्रकरण नेमकं करतं काय?

क्लायमॅक्समध्ये वाचकाला एका प्रश्नाचं उत्तर मिळतं: काय झालं? शांत प्रकरण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं: याची किंमत किती पडली, आणि ती कोणी भरली? वाचकाला घटना माहीत झालेली असते. त्यामुळे ती परत सांगणं, त्यावर भाष्य करणं, “त्या रात्रीने सगळं बदलून टाकलं” असं म्हणणं, हे सगळं त्याला आधीच माहीत असलेलं पुन्हा ऐकवणं आहे.

ड्वाइट स्वेन नावाच्या अमेरिकन लेखन-शिक्षकाने १९६५ सालच्या आपल्या पुस्तकात याची एक साधी मांडणी केली आहे. कथेचे दोन प्रकारचे तुकडे असतात. एकात पात्राला काहीतरी हवं असतं, अडथळा येतो आणि गोष्ट बिघडते. दुसऱ्यात पात्र त्या बिघाडाला सामोरं जातं, तेही तीन पायऱ्यांनी: आधी भावना, मग पेच, मग निर्णय. आपलं शांत प्रकरण हा दुसरा प्रकार.

लिहिताना गडबड होते ती अशी, की आपण पहिल्या पायरीवरच बसून राहतो. भावना, भावना आणि भावना. पेच आणि निर्णय राहूनच जातात, कारण वाटतं की आता गोष्ट संपली, निर्णय कसला घ्यायचा? पण निर्णय लागतोच. फक्त तो आता छोटा हवा. जग वाचवण्याचा नाही, शेजारणीशी बोलायचं की नाही एवढाच. मोठ्या घटनेने माणूस किती बदलला ते छोट्या निर्णयातच दिसतं.

आरसा आधीच ट्रंकेत होता

हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक २००३ साली आलं. त्याच्या क्लायमॅक्समध्ये सिरियस मरतो. सिरियस म्हणजे हॅरीचा गॉडफादर, त्याच्या आई-वडिलांनंतर त्याला हक्काने आपलं म्हणावं असा जवळपास एकच माणूस. त्यानंतर लगेच डंबलडोरच्या खोलीत हॅरी ओरडतो, वस्तू फोडतो. ते मोठ्या आवाजाचं प्रकरण. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या, पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाबद्दल.

सुट्टीसाठी घरी जायचं म्हणून हॅरी सामान आवरतोय. ट्रंकेच्या तळाशी त्याला एक पुडकं सापडतं. नाताळच्या सुट्टीनंतर निघताना सिरियसने दिलेलं, तेव्हापासून न उघडलेलं. आत आरसा. अशा दोन आरशांची जोडी असते, एकात बोललं की दुसऱ्यातल्या माणसाशी थेट बोलता येतं. आपल्या व्हिडिओ कॉलसारखंच. हॅरी त्यात सिरियसला हाक मारतो. आरशात त्याचाच चेहरा दिसत राहतो.

हे इतकं का लागतं? “मेलेल्या माणसाची वस्तू सापडली” म्हणून नाही. तसं तर सिरियसचा जुना कोट सापडला असता तरी चाललं असतं. फरक असा आहे की हे पुडकं न उघडण्याचा निर्णय हॅरीने स्वतः घेतला होता, आणि तोही प्रेमापोटी: मी वापरलं तर सिरियस माझ्यासाठी लपलेल्या जागेतून बाहेर पडेल आणि धोक्यात येईल. पुढे सिरियस संकटात आहे असा भास झाल्यावर हॅरी त्याला वाचवायला धावतो. तेव्हा हा आरसा काढला असता तर सिरियस घरीच सुखरूप आहे हे एका मिनिटात कळलं असतं. म्हणजे आरसा ही आठवण नाही. तो हॅरीच्या एका निवडीचा हिशेब आहे.

आणि हे सगळं वाचकाला समजावून सांगायला लेखिकेला शेवटच्या प्रकरणात फार थांबावं लागत नाही. कारण आरसा शेकडो पानं आधी ट्रंकेत टाकून ठेवलेला आहे. वाचक तो हॅरीसारखाच विसरून गेलेला असतो.

आम्ही कोड लिहिणारे लोक म्हणतो, व्हेरिएबल आधी डिक्लेअर करा, मग वापरा. तसंच आहे. शांत प्रकरणात नवी भावना तयार करता येत नाही. तिथे फक्त आधी ठेवलेलं काढता येतं. नियम म्हणून सांगायचं तर, दुःख ज्या वस्तूवर किंवा सवयीवर टेकवणार, ती आधी येऊन गेलेली असावी, आणि ती पात्राच्या स्वतःच्या एखाद्या कृतीला किंवा शब्दाला चिकटलेली असावी.

त्याच प्रकरणात पुढे लूना भेटते. तिच्या वस्तू मुलांनी लपवून ठेवल्यात आणि त्या परत मिळाव्यात म्हणून ती भिंतीवर यादी लावत फिरतेय. हॅरी तिच्याशी बोलतो, शोधायला मदत करू का विचारतो, आणि त्याच्या छातीवरचं ओझं अगदी थोडं हलकं होतं. बास, एवढंच. बरं होणं नाही, थोडं हलकं होणं. निर्णय एवढा छोटा असू शकतो.

आता एक गोष्ट घडवून बघू

इथपर्यंत दुसऱ्याचं पुस्तक झालं. आता आपण एक काल्पनिक दीर्घकथा घेऊ आणि तिचं शेवटचं प्रकरण लिहून बघू. पार्श्वभूमी खरी: २२ जुलै २०२१, चिपळूण, वाशिष्ठीचा पूर. पात्रं आपली.

सायली, वय १९, कॉलेजसाठी काकाकडे राहते. खाली काकाचं किराणा दुकान, वर दोन खोल्या. काका एकटा. कोणालाही नाही म्हणता न येणारा माणूस, त्यामुळे दुकानाची उधारीची वही कायम भरलेली. रस्त्याच्या पलीकडे एका बैठ्या, निळ्या रंगाच्या घरात एक आजी एकट्या राहतात. पुराच्या पहाटे पाणी चढतंय, आजी हाका मारताहेत. काका दोरी घेऊन उतरतो, आजींना जिन्यापर्यंत आणतो, आणि वर यायच्या आधी पाण्याच्या लोंढ्यात जातो. सायलीच्या हातात दोरीचं टोक असतं. एकूण १२ प्रकरणं आहेत, हे ११ वं. आता आपल्याला १२ वं लिहायचंय.

पहिल्या फटक्यात बहुतेकांच्या हातून साधारण असं उतरतं:

*सायली खिडकीत बसून शून्यात बघत होती. काका आता कधीच परत येणार नव्हता. तिच्या डोळ्यांतून अश्रू थांबत नव्हते. घरातली प्रत्येक वस्तू तिला त्याची आठवण करून देत होती. निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र आहे हे तिला आज कळलं होतं. पण आयुष्य थांबत नाही. तिने डोळे पुसले. काकासाठी तिला जगायचं होतं.*

यात व्याकरणाची चूक नाही, भावनाही खोटी नाही. तरी लागत नाही. का? हा परिच्छेद उचलून दुसऱ्या कुठल्याही कथेच्या शेवटी लावून बघा. काकाच्या जागी आजोबा घाला, पुराच्या जागी अपघात घाला. बरोबर बसतो. म्हणजे यात या सायलीचं आणि या काकाचं असं काहीच नाही. “प्रत्येक वस्तू” म्हणजे कुठलीच वस्तू नाही. पेच नाही, आणि निर्णय आहे तो इतका मोठा, की तो कोणी चार दिवसांत घेत नाही.

आधी मागे जाऊ

दुरुस्ती करायला आपण १२ व्या प्रकरणात नाही, तर मागे जायचंय. काय पेरता येईल?

काकाचा स्वभाव हाच खरा माल आहे. ज्या स्वभावामुळे उधारी थकायची, त्याच स्वभावामुळे तो पाण्यात उतरला. मग सायलीचं भांडण त्या स्वभावाशीच लावू. प्रकरण ५ मध्ये ती हिशेब लावायला बसते आणि वैतागते. काका गिऱ्हाइकांची नावंही लिहीत नाही, खुणा लिहितो: ‘मिशीवाले’, ‘रिक्षा’, ‘निळं घर’. कोणाकडे किती येणं आहे याचा पत्ता नाही. ती म्हणते, “एकदा ही वही बुडू दे नदीत, मग कळेल तुला.” काका हसतो आणि म्हणतो, “बुडाली तरी माणसं कुठे जातायत?”

दुसरी गोष्ट अगदी किरकोळ. दुकानाचं शटर डावीकडे अडकतं. काका रोज सकाळी कोपऱ्यात टाच मारतो, तेव्हा ते उघडतं. प्रकरण २ मध्ये सायली तसं करायला जाते, पायच दुखावून घेते आणि काका तिची टर उडवतो.

पेरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, पेरलेल्या गोष्टीला तिथल्या तिथे दुसरं काम असावं. शटर विनोदासाठी आलंय, वही भांडणासाठी आली आहे. “हे पुढे लागणार आहे” असा वास येता कामा नये. दोन, पेरणी आणि काढणी यांत अंतर हवं. शटर १० व्या प्रकरणात पहिल्यांदा आलं असतं तर वाचकाने ते लगेच ओळखलं असतं. आणि पाच वेळा आलं असतं तर तो वाट बघत बसला असता. एकदा ठळक, एकदा ओझरतं, एवढं पुरतं.

मेणबत्त्या मात्र आधी पेरायची गरज नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्या येतील, पण त्या दुःख वाहत नाहीत, फक्त प्रसंग पुढे नेतात. सगळंच पेरायला गेलात तर गोष्ट बनवल्यासारखी वाटते.

दुसरा खर्डा

आता प्रकरण १२. पूर्ण प्रकरण याच्या दुप्पट-तिप्पट होईल, हा त्याचा गाभा:

*चौथ्या दिवशी सायलीने शटरला हात घातला. ते हललं नाही. तिने डाव्या कोपऱ्यात टाच मारली. शटर मांडीपर्यंत वर आलं आणि अडकलं. ती वाकून आत गेली. काल सगळं आटपल्यावर बाबा जे झोपले होते, ते अजून उठले नव्हते.*

*आत पोटऱ्यांपर्यंत गाळ होता. तांदळाची पोती फुगून फुटली होती. तिने घमेलं घेतलं आणि दारापासून सुरुवात केली. एक घमेलं बाहेर. दुसरं बाहेर. अकराव्या घमेल्यात वही आली.*

*तिने ती बादलीत बुडवून गाळ काढला. पानं एकमेकांना चिकटली होती, शाई पसरली होती. तिने वही काउंटरवर उघडी ठेवली आणि परत घमेलं उचललं.*

*“आहेस का गं?”*

*आजींना वाकता येत नव्हतं. शटरखालून फक्त पाय दिसत होते. एका पायात कोणाची तरी मोठी चप्पल होती.*

*सायली बोलली नाही.*

*“मेणबत्त्या असतील तर बघ. वीज कधी येईल कोण जाणे. पैसे...” आजी थांबल्या.*

*मेणबत्त्यांचं खोकं भिजून गळून पडलं होतं. मेणबत्त्यांना काही झालं नव्हतं. सायली खोकं हातात धरून त्या पायांकडे बघत राहिली. मग तिने दोन मेणबत्त्या शटरखालून सरकवल्या. एक काठी खाली टेकली, एक हात हळूहळू खाली आला, चाचपडला, मेणबत्त्या घेऊन वर गेला. पाय तिथेच होते.*

*“जा आता आजी. अंधार पडेल.”*

*चप्पल चिखलात फटफटत गेली. सायलीने वहीचं शेवटचं पान काढलं. ते ओलं होतं, पण कोरं होतं. पेन चालेना. गल्ल्यात पेन्सिल मिळाली. तिने लिहिलं: निळं घर, मेणबत्त्या २. पेन्सिलीने पान थोडं फाटलं. तिने परत घमेलं उचललं.*

आता यात स्वेनच्या तीन पायऱ्या शोधू. भावना कुठे आहे? ती घमेल्यात आहे, आणि सायली बोलली नाही त्या ओळीत आहे. पेच कुठे आहे? त्या पायांकडे बघण्यात. ज्या बाईला वाचवताना काका गेला, ती समोर उभी आहे आणि उधार मागतेय. तिला नाही म्हणायचा सायलीला पूर्ण हक्क आहे, निदान त्या क्षणी तसं वाटतं. निर्णय दोन मेणबत्त्यांचा. आणि नाव न लिहिता ती ‘निळं घर’ लिहिते, म्हणजे ज्या पद्धतीवर ती चिडली होती ती आता तिच्या हातात आलेली आहे. “तिला काका कळला” हे वाक्य कुठेच नाही. ते वाचकाने स्वतः म्हणायचं.

“वही बुडू दे” या तिच्या जुन्या वाक्याची आठवणही इथे करून दिलेली नाही. मोह होतो बरं का. “तिला स्वतःचे शब्द आठवले” एवढी एक ओळ घालावीशी वाटते. ती घातली की वाचकाच्या हातून काम काढून घेतलं जातं. ज्याला आठवलं त्याला ते जास्त लागेल. ज्याला नाही आठवलं त्याच्यासाठीही प्रसंग उभा आहेच.

कधी सुरू करायचं आणि किती लिहायचं?

घटनेनंतर लगेच, त्याच तासात प्रकरण सुरू केलं तर तो क्लायमॅक्सच लांबतो. पात्राला अजून धक्का बसलेला असतो, आणि धक्क्यात माणसाला काही वाटण्याइतकी जागाच नसते. म्हणून मध्ये काळ जाऊ द्या. आपण चौथा दिवस घेतला. प्रेत सापडलं, विधी झाले, माणसं आली-गेली, हे सगळं दोन प्रकरणांमधल्या रिकाम्या जागेत झालं. “काल सगळं आटपल्यावर” एवढ्या शब्दांत ते भागलं.

आणि प्रकरणाची सुरुवात हातांच्या कामाने करा: गाळ काढणं, भांडी घासणं, सामान बांधणं. याची दोन कारणं. क्लायमॅक्सच्या वेगातून वाचकाला खाली आणायला ठरावीक लयीचं काम सोपं पडतं. शिवाय दुःखातली माणसं खरंच असं करतात. घरात कोणी गेलं की कोणीतरी एक जण न सांगता चहाच्या कपांचा ढीग घासत असतो.

रडू येऊ द्यायचं असेल तर ते उशिरा आणि भलत्याच ठिकाणी येऊ द्या. सुझॅन कॉलिन्सच्या ‘मॉकिंगजे’मध्ये, २०१० सालच्या, कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. कॅटनिस नंतर बराच काळ गोठल्यासारखी असते. मग उजाड झालेल्या गावात प्रिमचं मांजर परत येतं. कॅटनिसला हे मांजर पहिल्या पुस्तकापासून आवडत नाही, त्यालाही ती आवडत नाही. ते प्रिमला शोधतंय. कॅटनिस त्याच्यावर ओरडते, वस्तू फेकते, हाकलते, आणि त्यातच तिचा बांध फुटतो. शवापाशी नाही, मांजरापाशी. कारण या घरात प्रिमची वाट बघणारं तिच्याशिवाय एवढं एकच उरलंय.

लांबीचं म्हणाल तर माझा ठोकताळा असा: क्लायमॅक्सचं प्रकरण तीन हजार शब्दांचं असेल तर शांत प्रकरण त्याच्या एक तृतीयांश. याहून फार वाढलं तर बहुतेक वेळा त्यात लोक येऊन भेटून जायला लागतात आणि प्रत्येक जण काहीतरी शहाणपणाचं बोलून जातो. एक जागा, एक काम, एक भेट पुरे.

बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचं?

तीन तपासण्या सांगतो, फोनवर लिहीत असाल तरी करता येतील.

पहिली आपण वर केलीच, अदलाबदलीची. हे प्रकरण दुसऱ्या कथेला जसंच्या तसं बसतंय का? बसत असेल तर ते तुमच्या कथेतून आलेलं नाही.

दुसरी, सर्च मारा. अश्रू, हुंदका, पोकळी, शून्य, सुन्न, कायमचं, कधीच नाही. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा, तो शब्द काढून तिथे पात्र हाताने काय करतंय ते लिहिता येतं का. सगळे काढायचे असं नाही. पूर्ण प्रकरणात एखादा उरला तर तो वाजतो. आठ असले तर एकही वाजत नाही.

तिसरी, शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. बऱ्याचदा प्रकरण आधीच संपलेलं असतं आणि आपण खाली त्याचा अर्थ लिहून ठेवलेला असतो.

मित्राला वाचायला दिल्यावर तो काय म्हणतो ते मात्र नीट ऐका, कारण दोन तक्रारी सारख्या वाटतात पण त्यांचा इलाज उलटा असतो. “मुद्दाम रडवायला बघतोयस” असं म्हणाला तर इलाज याच प्रकरणात आहे, म्हणजे कापाकापी. पण “कोरडं वाटलं, काही झालं नाही” असं म्हणाला तर इथे भावना वाढवू नका. एरर या ओळीवर दिसतेय, बग मात्र पाचव्या प्रकरणात आहे. तिथे वही आलीच नसेल, किंवा आली पण भांडण झालं नसेल. कोरडेपणावर इथेच अश्रू ओतले की दुसरी तक्रार जाऊन पहिली येते आणि माणूस महिनाभर तेच प्रकरण परत परत लिहीत बसतो.

आणि हे प्रकरण नको असतं तेव्हा

दर वेळी हे प्रकरण वेगळं लागतंच असं नाही. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आठवा, २०१६ चा. तिथे क्लायमॅक्सची हिंसा पडद्यावर दिसतच नाही. आर्चीच्या माहेरची माणसं येतात, चहा होतो, आणि मग थेट शेजारीण लहानग्याला दाराशी सोडून जाते. मूल आत जातं, बघतं, रडत बाहेर येतं, मागे रक्ताची पावलं. आवाज बंद. म्हणजे इथे क्लायमॅक्स गाळून फक्त नंतरची शांतता ठेवलीय, आणि ती शांतताच क्लायमॅक्स झाली आहे.

पण हे फुकट जमलेलं नाही. त्याआधी सिनेमा बराच वेळ हैदराबादला थांबतो. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, भांडणं, समेट, मूल, हळूहळू उभं राहिलेलं घर. तेव्हा कित्येकांना वाटलं असेल की गोष्ट रेंगाळतेय. ती रेंगाळत नव्हती. त्या दोन-तीन मिनिटांच्या शांततेचे पैसे तिथे आधीच भरले जात होते.

तर तुमचं शेवटचं प्रकरण अडलं असेल, तर आज त्या फाइलला हात लावू नका. पहिली पाच प्रकरणं उघडा आणि बघा, तुमच्या सायलीने कोणाला काय बोलून ठेवलंय. काही सापडलं तर उतारा पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये दोन-तीन वाचून दाखवू. नाव सांगायचं नसेल तर खूण लिहा, काकाला चालायचं, आपल्यालाही चालेल. भेटू!